डायरेक्ट मास्टर की हाऊस : छोट्या निर्यातदाराने कोणते एअर वेबिल घ्यावे?

कोल्हापुरी चपलांसारखा हलका, पण जागा खाणारा माल चार-पाच खोक्यांत भरून मुंबईहून विमानाने पाठवायचा म्हटलं, की फॉरवर्डर विचारतो, 'डायरेक्ट मास्टर काढू की कन्सोलमध्ये टाकू?' म्हणजे मालाच्या वाहतुकीचा कागद, एअर वेबिल, एअरलाइनकडून थेट तुमच्या नावाने घ्यायचं, की अनेकांचा माल एकत्र करून पाठवणाऱ्या कन्सोलिडेटरकडे माल द्यायचा. मी दोन्ही मार्गांनी माल पाठवला आहे. दरात फरक असतोच, पण निवड करताना मी दराइतकंच आणखी एका गोष्टीकडे बघतो.

डायरेक्टमध्ये एअरलाइनच्या वेबिलवर, म्हणजे मास्टरवर, शिपर तुम्ही आणि कन्साइनी तुमचा ग्राहक. कन्सोलमध्ये मास्टरवर शिपर म्हणून कन्सोलिडेटर असतो, कन्साइनी म्हणून परदेशातला त्याचा एजंट, आणि मालाच्या रकान्यात 'सोबतच्या यादीप्रमाणे एकत्रित माल' अशा अर्थाची एक ओळ. तुमचं आणि ग्राहकाचं नाव येतं ते कन्सोलिडेटरने स्वतःच्या नंबराने काढलेल्या वेबिलवर, म्हणजे हाऊसवर, आणि त्या यादीत, म्हणजे मॅनिफेस्टमध्ये. थोडक्यात, एअरलाइनचा करार त्याच्याशी आणि त्याचा तुमच्याशी.

पैशाच्या बाबतीत कन्सोलची बाजू भक्कम आहे. समजा, लंडनला चार खोकी जायची आहेत, प्रत्येक 60 बाय 40 बाय 40 सेंटीमीटरचं आणि 11 किलोचं. खरं वजन 44 किलो. पण घनफळाला 6000 ने भागलं तर एका खोक्याचे 16, चारांचे 64 किलो होतात, आणि डायरेक्टमध्ये भाडं 64 किलोवर लागतं, तेही 45 किलोच्या वरच्या चढ्या दराने. कन्सोलिडेटर याच चपलांशेजारी कुणाचे तरी यंत्रांचे सुटे भाग ठेवतो. ते धरू 400 किलोचे आणि घनफळाने फक्त 250 किलोचे. एकत्र मास्टरवर खरं वजन 444, घनफळाचं 314. एअरलाइन मोठा आकडा धरते, म्हणजे 444, आणि दर लावते 300 किलोच्या वरचा. तुमच्या हाऊसवर मात्र 64 किलोच दिसतात. मधले 20 किलो आणि दरातला फरक ही त्याची कमाई, आणि त्यातला काही भाग तो तुम्हाला स्वस्त दर देऊन सोडतो. यात गैर काही नाही, दोन प्रकारचा माल जुळवण्याचं कसब त्याचं आहे.

माझं मन वळलं ते माल पोहोचल्यावर घडणाऱ्या गोष्टीमुळे. हाऊसवर 'फ्रेट प्रीपेड' स्पष्ट छापलेलं असतं. तरी मालाचा ताबा एअरलाइन देते मास्टरवरच्या कन्साइनीला, म्हणजे एजंटला. तो कन्सोल फोडणार, कागद वेगळे करणार आणि मग डिलिव्हरी ऑर्डर देणार. त्याचं हँडलिंग, कन्सोल फोडण्याचं शुल्क, डिलिव्हरी ऑर्डरची फी असं बिल ग्राहकाच्या हातात पडतं. माझ्या एका ग्राहकाने ते बिल पाहून सरळ विचारलं, की भाडं भरलं आहे म्हणता, मग हे कसलं? त्याआधी तो हाऊसचा नंबर घेऊन एअरलाइनकडे विचारून आला होता. तिथे त्या नंबराची नोंद सापडली नाही, कारण एअरलाइनची चौकशी चालते अकरा आकडी मास्टरवर. भाड्यात मी वाचवलेलं त्याच्याकडून दुसऱ्या हाताने गेलं आणि विश्वासाला धक्का बसला तो वेगळाच. डायरेक्टमध्येही टर्मिनलचे पैसे लागतातच, पण मधला एजंट नसतो आणि ग्राहकाचा कस्टम ब्रोकर थेट एअरलाइनकडून माल सोडवतो.

माल एलसीवर, म्हणजे बँकेच्या पतपत्रावर, जात असेल, तर कलमं आधी वाचा. हाऊस चालणार नाही असं लिहिलं असेल तर निवडीचा प्रश्नच उरत नाही. तसं नसेल तर सही बघा. एलसीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीच्या, म्हणजे यूसीपी 600 च्या, कलम 23 प्रमाणे वेबिलवर वाहकाचं नाव आणि वाहकाची किंवा त्याच्या वतीने एजंटची सही लागते. कन्सोलिडेटरने स्वतः वाहक म्हणून सही केली असेल तर हाऊस निभावतं. नुसती 'फॉरवर्डर' म्हणून सही असेल तर बँक कागद परत करू शकते.

तुमचा माल 45 किलोच्या आत असेल, ग्राहक जुना असेल आणि त्याची त्या एजंटशी ओळख असेल, तर हाऊस घ्यायला माझी हरकत नाही, कदाचित तेच शहाणपणाचं ठरेल. पण नवा ग्राहक असेल किंवा वजन शंभराच्या आसपास जात असेल, तर मी थोडं जास्त भाडं सोसून डायरेक्ट मास्टर घेतो. हाऊस घ्यायचंच झालं, तर बुकिंगआधी कन्सोलिडेटरकडून तिकडच्या एजंटच्या शुल्कांचा तक्ता लेखी मागवून ग्राहकाला पाठवतो, आणि विमान सुटल्यावर हाऊसच्या जोडीने मास्टरचा नंबरही कळवतो.