आठ महिने आकडे पाठ करतोय: हमाल, ट्रक आणि 0712

नागपूर स्टेशनवर फोन बंद पडला आणि बायकोचा नंबर आठवेना, तिथून हे सुरू झालं. चहावाला म्हणाला, "काहून भाऊ, घरचाच नंबर पाठ नाही?" त्याला आठ महिने झाले. आज पाच मोठे आकडे पाठ आहेत.

पहिले दोन आठवडे चुकीच्या वाटेवर गेले. मी आकडा जोड्यांनी पाठ करायचो: त्रेपन्न, एकोणसाठ वगैरे. मराठीत हे अंगाशी येतं. त्रेपन्नमध्ये आधी तीन ऐकू येतो, म्हणून हात 35 लिहितो. एकोणसाठमध्ये 'साठ' कानात राहतो आणि लिहिताना 69 उतरतं. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'पन्नास तीन' आलं तेव्हा मीही हसलो होतो. आता हसत नाही. जोड्या सोडल्या, तीन-चार अंकांचे गट केले आणि अंक सुटे म्हणू लागलो: आठ-पाच-तीन.

पण नुसते तुकडे पाडले की आकडा संध्याकाळपर्यंतच टिकतो. तुकडा आधीच माहीत असलेल्या गोष्टीला चिकटावा लागतो. 1980 साली प्रसिद्ध झालेला अमेरिकेतला एक प्रयोग आहे. त्यात एक विद्यार्थी दीड वर्षाहून जास्त सराव करून एकदा ऐकलेले 7 ऐवजी 79 अंक सांगू लागला. तो धावपटू होता, त्यामुळे 3492 म्हणजे त्याला 3 मिनिटं 49.2 सेकंदांची मैलाची शर्यत दिसायची. अंकांऐवजी अक्षरं दिली तर मात्र गाडी पुन्हा सहाच्या आसपास. म्हणजे स्मरणशक्ती तेवढीच होती, खुंट्या वाढल्या होत्या.

माझ्या खुंट्या नागपूरच्या. एक खातं मी नंतर बंद केलं, म्हणून त्याचा क्रमांक उघड लिहितो: 30712853496. चार-चारचे गट पाडले तर 3071, 2853, 496. यातून काहीच हाती लागत नाही. पण पहिला 3 बाजूला काढा, लगेच 0712 दिसतो, आपला एसटीडी कोड. शेवटी 496 आहे, त्यातला 49 म्हणजे पूर्व नागपूरच्या गाड्यांचा एमएच 49. मधले 853 कुठेच बसेनात.

तिथे कटपयादी, म्हणजे व्यंजनांना अंक देणारी जुनी पद्धत, कामाला आली. क ते झ म्हणजे 1 ते 9 आणि ञ शून्य. ट पासून पुन्हा तसंच, ध 9 आणि न शून्य. प ते म 1 ते 5. य ते ह 1 ते 8, आणि ळ 9. काना-मात्रा मोजायच्या नाहीत, जोडाक्षरात शेवटचं व्यंजन घ्यायचं. जुन्या पद्धतीत अंक उलटे वाचतात, मी सरळ वाचतो. 8 साठी ह, 5 साठी म, 3 साठी ल. हमाल! मग चित्र असं झालं: नागपूरला तीनदा फोन लावला, हमाल आला, त्यानं सामान एमएच 49 च्या सहा चाकी ट्रकमध्ये टाकलं. जमवायला वीसेक मिनिटं लागली. नंतर दहा मिनिटांनी, रात्री, दुसऱ्या दिवशी, चौथ्या आणि दहाव्या दिवशी न बघता कागदावर लिहून तपासलं. नुसतं मनात म्हणून चालत नाही, चूक कागदावरच पकडली जाते.

दीड महिन्यानं बँकेच्या फॉर्मवर एक अंक कमी भरला. चित्र डोळ्यांसमोर होतं, पण हमालाचा 'कुली' झाला होता. क 1, ल 3, म्हणजे 13. चित्र टिकलं आणि शब्द बदलला, हा या पद्धतीचा खरा धोका. तेव्हापासून चित्रातल्या माणसाला हाक मारायची सवय लावली: "ए हमाल!" आणि शेवटी अंक मोजतो, अकरा भरले का.

दुसरा त्रास, काउंटरवर कोणी 'शेवटचे चार अंक' विचारले की अडकतो. ते 3496, म्हणजे हमालाचा ल तोडून ट्रकला जोडायचा. त्यामुळे आता ज्या क्रमांकाचे शेवटचे चार वारंवार लागतात, त्यात तेवढा गट आधी वेगळा ठेवतो, बाकीचं त्यामागे जुळवतो. आणि एक चित्र एकाच आकड्याला. ट्रक दुसऱ्या नंबरात वापरला तेव्हा दोन्हींची शेपटं अदलाबदल झाली.

ओटीपीसाठी हे करत नाही, दोन मिनिटांच्या आकड्याला कशाला चित्र. गोष्ट टपरीवर रंगवून सांगायचीही नाही, ऐकणाऱ्यालाही क्रमांक पाठ होतो. माझ्या मेव्हण्याला झाला.

खातं बंद होऊन तीन महिने झाले. परवा पाहुण्यांना आणायला स्टेशनवर गेलो, लाल शर्टातला हमाल समोरून आला, आणि मनात लगेच सुरू: तीन, शून्य, सात, एक, दोन...