रात्रीची नाडी आणि एचआरव्ही: स्मार्ट रिंग, घड्याळ आणि छातीचा पट्टा, आठ महिन्यांनंतर

रात्रीच्या सरासरी नाडीपुरतं बोलायचं तर तिघांत फारसा फरक पडत नाही. रिंग, घड्याळ आणि पट्टा यांचे आकडे बहुतेक रात्री एक-दोन ठोक्यांच्या आत असतात. खरी परीक्षा एचआरव्हीची, म्हणजे ठोक्यांमधलं अंतर किती कमी-जास्त होतं त्याची, कारण तिथे दोन ठोक्यांमधलं अंतर मिलिसेकंदांत मोजावं लागतं.

समजा झोपेत नाडी 55 आहे. म्हणजे दर 1,090 मिलिसेकंदांनी एक ठोका, पाच मिनिटांत साधारण 275. RMSSD हे एचआरव्हीचं माप लागोपाठच्या अंतरांमधल्या फरकांवरून निघतं. खरा RMSSD 40 असताना उपकरणाने यातला एकच ठोका चुकवला, तर तिथलं अंतर दुप्पट दिसतं आणि RMSSD थेट 101 च्या आसपास जातो. नाडी मात्र 55 वरून फक्त 54.8 होते. म्हणून नाडी बरोबर आहे, एवढ्यावरून एचआरव्हीवर विश्वास ठेवू नका. ॲप अशी चुकीची अंतरं गाळतात, पण किती गाळली ते सहसा दाखवत नाहीत.

रिंगची जमेची बाजू बोटात आहे. तिथे रक्ताचा प्रवाह चांगला, शिवाय झोपेत रिंग विसरायला होते, त्यामुळे रात्री सुटत नाहीत. मात्र एसीच्या गारव्यात बोट बारीक होतं, रिंग फिरते आणि सेन्सर तळहाताकडून वर येतो. आलेखात मध्येच तुटक जागा दिसल्या, तर आधी हेच तपासा. माप घेताना नमुन्याची रिंग पूर्ण दिवस-रात्र घालून बघा, कारण संध्याकाळी बोटं सुजतात.

घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, बोट सहज आत जाणार नाही इतकं घट्ट हवं. उशीखाली मनगट दुमडून झोपणाऱ्यांचे आकडे बिघडतात. दुसरी अडचण तुलनेची: ॲपलचं हेल्थ ॲप SDNN, म्हणजे सगळी अंतरं सरासरीपासून किती विखुरली आहेत ते, दाखवतं, तर ऑरा रिंग रात्रभराच्या RMSSD ची सरासरी देते. ही दोन वेगळी मापं आहेत. एक 60 आणि दुसरं 38 आलं म्हणून कुठलंच चुकीचं ठरत नाही.

पोलर एच10 सारखा पट्टा हृदयाचे विद्युत संकेत घेतो, त्यामुळे अचूकतेत तोच पुढे. पण तो रोज रात्री घालण्याजोगा नाही. झोपताना घाम नसतो, म्हणून इलेक्ट्रोड पाण्याने नीट ओले करावे लागतात. पहाटेपर्यंत ते वाळले किंवा कुशीवर वळताना पट्टा सरकला, की नोंद खराब होते. फोन उशाशी ठेवा आणि नोंद घेणाऱ्या ॲपसाठी बॅटरी बचत बंद करा, नाहीतर मध्यरात्री नोंद थांबते.

महिन्यातून एक-दोन रात्री पट्टा आणि रिंग एकत्र घालून RMSSD पडताळावा, बाकी रात्री रिंगच पुरते. सकाळी पट्टा धुऊन सेन्सरची डबी काढून ठेवा. ओल्या पट्ट्यावर ती लावलेली राहिली, तर चालूच राहते आणि बॅटरी संपते.