कार्ट्रिजचा फोटो पाठवला आणि 4,370 रुपये गेले

नेरुळ, सीवूड्स, वाशी भागातील ज्यांना एखाद्या सुट्या भागाचा फोटो हार्डवेअरच्या दुकानदाराला पाठवून चौकशी करायची आहे, त्यांनी हे आधी वाचावे. माझे 4,370 रुपये गेले आहेत, आणि ते परत मिळवण्यासाठी ज्यांच्याकडे गेले त्यांनी दिलेली वागणूक त्या चोरापेक्षा फार वेगळी नव्हती.

आमच्या बाथरूममधील कन्सील्ड डायव्हर्टर, म्हणजे नळ आणि शॉवरकडे पाणी वळवणारा भिंतीतील व्हॉल्व्ह, गळू लागला होता. प्लंबरने वरची मूठ आणि झाकण काढून आतील सिरॅमिक कार्ट्रिज बाहेर काढले. दोन सिरॅमिक चकत्या एकमेकींवर सरकून गरम आणि थंड पाणी सोडणारा हा लहानसा भाग असतो. तो नेमका मिळाला तर काम अर्ध्या तासात होते. तो मिळाला नाही, तर टाइल फोडून भिंतीतील संपूर्ण बॉडी बदलावी लागते, आणि घर घेताना बसवलेल्या त्या टाइल आता कोठेही मिळत नाहीत. घराचा मुख्य व्हॉल्व्ह बंद होता आणि घरात आजारी सासूबाई होत्या. अशा वेळी माणूस नकाशावर जवळचे दुकान शोधतो, तसे मी शोधले. दुकान खरे होते, फोटोतील पाटी खरी होती, फक्त त्याखालील दूरध्वनी क्रमांक दुकानाचा नव्हता, हे मला नंतर त्या दुकानाच्या मालकांनीच सांगितले. त्यांच्या नकळत कोणीतरी तो बदलला होता.

त्या क्रमांकावर मी पाठवलेला संदेश येथे जसाच्या तसा देते: "नमस्कार. सोबत फोटो पाठवत आहे. हे आमच्या भिंतीतील डायव्हर्टरचे कार्ट्रिज आहे. बाहेरचा व्यास 40 मिलिमीटर आहे, वरचा दांडा चौकोनी आहे, बॉडी पांढऱ्या प्लास्टिकची आहे. कंपनीचे नाव पुसले गेले आहे. मला दुसऱ्या मापाचे किंवा जुळवून घ्यावे लागेल असे नको, हीच फिटिंग हवी आहे. आपल्याकडे स्टॉकमध्ये आहे का, आणि किंमत किती?"

उत्तर मिनिटभरात आले: "आहे मॅडम, अगदी हाच पीस, शेवटचा एकच आहे." पाठोपाठ त्या 'पीस'चा फोटोही आला.

रागाने रात्री झोप लागत नाही ती याच क्षणामुळे. माझ्या फोटोत कार्ट्रिज वरून टिपलेले होते, त्याचा तळ दिसतच नव्हता. 40 मिलिमीटरच्या कार्ट्रिजमध्ये सपाट तळाचे आणि खाली पाया असलेले असे दोन प्रकार मिळतात, आणि एकाच्या जागी दुसरे बसवले तर रबरी रिंग जागेवर दाबली जात नाही, गळती तशीच राहते. म्हणजे माझा संदेश वाचून कोणताही प्रामाणिक दुकानदार थेट 'हाच पीस आहे' असे म्हणूच शकत नाही. त्याला विचारावेच लागते की खाली पाया आहे का, पिना कोठे आहेत, दांडा किती उंच आहे. या माणसाने एकही प्रश्न विचारला नाही. त्याहून संताप आणणारी गोष्ट म्हणजे त्याने पाठवलेल्या फोटोत दांड्याच्या बुंध्याशी क्षाराचे पांढरे कडे होते. न वापरलेल्या, खोक्यातून काढलेल्या कार्ट्रिजवर क्षार कोठून येणार? तो माझाच फोटो होता, कडा कापून मला परत पाठवलेला. फोनच्या छोट्या पडद्यावर, पाणी बंद असलेल्या घरात, प्लंबर 'लवकर सांगा' म्हणत उभा असताना हे कोणाच्या लक्षात येते, ते मला सांगावे.

किंमत 850 रुपये आणि घरपोच पाठवण्याचे 120, असे 970 रुपये मी भरले. पैसे पाठवताना पडद्यावर दुकानाचे नाव न येता एका व्यक्तीचे नाव आले. आपल्याकडील निम्म्या दुकानांत गल्ल्यावरचा क्यूआर मालकाच्या किंवा त्याच्या मुलाच्या नावाचा असतो, त्यामुळे त्यात मला खटकण्यासारखे काही नव्हते. थोड्या वेळाने त्याने कळवले की गोदामातून सुटा नग निघत नाही, पाच नगांचे खोके निघते, त्याचे 4,250 होतात, त्यातील 850 आले आहेत, उरलेले 3,400 भरा, पोऱ्या दारात चार नग परत घेऊन 3,400 तिथेच देईल. हिशेब बरोबर जुळत होता, आणि कंपन्यांचा माल खोक्यानेच येतो हे खरेही आहे. मी 3,400 पाठवले. त्यानंतर पोऱ्या आला नाही, क्यूआर आला: "स्कॅन करून पिन टाका, रिफंड जमा होईल." पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, तो पैसे देताना लागतो. तेथे मी थांबले, अन्यथा आणखी 3,400 गेले असते.

आता यंत्रणेचे ऐका. 1930 या हेल्पलाइनवर मी त्याच संध्याकाळी फोन लावला. समोरच्या खात्यातून पैसे पुढे जाण्याआधी ते गोठवता यावेत यासाठीच ही सोय आहे, आणि तेथेच मला ताटकळत ठेवले गेले. तक्रार नोंदली गेली तोवर खाते रिकामे झाले होते. (तुमच्यावर अशी वेळ आली तर आधी 1930 लावा, बँकेच्या शाखेत नंतर जा, आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक हाताशी ठेवा, कारण पहिल्यांदा तोच विचारतात.) बँकेने सांगितले की पिन तुम्हीच टाकला, त्यामुळे हा अनधिकृत व्यवहार ठरत नाही. अनधिकृत व्यवहारांत ग्राहकाची जबाबदारी मर्यादित करणारे रिझर्व्ह बँकेचे 2017 चे परिपत्रक मी त्यांच्यापुढे ठेवले, तर ते तुमच्या संमतीविना झालेल्या व्यवहारांपुरते आहे, असे उत्तर मिळाले. संमती कशाला होती? कार्ट्रिज विकत घ्यायला होती, लुटले जायला नव्हती. पोलीस ठाण्यात तर "चार हजारांसाठी एवढी धावपळ?" असे मला विचारण्यात आले. त्या माणसाने माझ्यासारख्या किती जणांकडून चार-चार हजार घेतले असतील, हे मोजण्याचे काम कोणाचे आहे? हा क्रमांक आणि ते खाते आजच बंद करा, एवढेच मी मागत होते. मला पोर्टलवर जाण्यास सांगितले गेले. cybercrime.gov.in वरील माझ्या तक्रारीची स्थिती अजूनही 'प्रक्रियेत' अशीच दिसते. नकाशावरील चुकीचा क्रमांक कळवला, त्यावरही ठरावीक साचातील आभाराचा संदेश आला.

ते कार्ट्रिज शेवटी वाशीतील त्याच खऱ्या दुकानात मिळाले, 650 रुपयांना. मालकांनी जुना पीस हातात घेतल्याबरोबर उलटा केला, पाया पाहिला, दोन पिनांमधील अंतर नव्या पीसशी लावून पाहिले, आणि मगच खोके फोडले. "फोटोवरून आम्ही फक्त 'असावा' एवढेच म्हणतो, ताई," असे ते म्हणाले.

म्हणून संदेश पाठवताना वरचा आणि तळाचा, दोन्ही फोटो काढा, पण तळाचा स्वतःकडे ठेवा आणि समोरच्याला विचारा की त्याच्या पीसचा तळ कसा आहे. पट्टीशेजारी ठेवून, बाजूला आजची तारीख लिहिलेला कागद धरून फोटो मागा. ज्याच्या हातात माल आहे त्याला यास वेळ लागत नाही. दुकानाचा क्रमांक जुन्या बिलावरून किंवा दुकानाच्या पाटीवरून घ्या. आणि नकाशावर मिळालेला क्रमांक तुम्हाला 'शेवटचा एकच आहे' असे सांगू लागला, तर प्लंबरला दाराशी उभा राहू द्या, पण पैसे पाठवू नका. माझ्याकडून पैसे घेतलेला तो क्रमांक हे लिहीपर्यंत सुरूच आहे.