लॅक्टेजचे थेंब : सात महिन्यांच्या वापरानंतर

आमच्याकडे खानापूरहून म्हशीचं दूध येतं. ते पिलं की तासाभरात माझं पोट गुडगुडायचं, कारण दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, मला पचत नाही. टेट्रा पॅकमधलं लॅक्टोज-फ्री दूध रोज परवडत नाही, म्हणून लॅक्टोज तोडणाऱ्या लॅक्टेजचे थेंब आणले आणि घरच्या दुधालाच वापरायला लागले.

पहिला आठवडा वाया गेला. दूध तापवून, वाफ निघत असतानाच थेंब घातले. पोट जसंच्या तसं. लॅक्टेज हे एन्झाइम, म्हणजे प्रथिन. उकळत्या दुधात ते निकामी होतं. आता दूध उकळून पूर्ण गार करते, लिटरला बाटलीवर लिहिलेत तेवढे थेंब घालून ढवळते आणि फ्रिजमध्ये चोवीस तास ठेवते. थंडीत काम सावकाश चालतं, पण दूध नासत नाही. दुसऱ्या दिवशी परत तापवलं तरी हरकत नाही, तोवर काम झालेलं असतं.

सासूबाईंनी पहिला घोट घेतला आणि म्हणाल्या, "साखर घातलीस की काय गं?" चिमूटभरही नव्हती. लॅक्टोज म्हणजे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज यांची जोडी. ती जोडी साखरेच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याइतकी गोड. लॅक्टेज ती तोडतं, आणि सुटे झालेले दोन्ही भाग जोडीपेक्षा कितीतरी गोड लागतात. कपभर दुधात साधारण दहा ग्रॅम लॅक्टोज असतं. त्याची गोडी दोन ग्रॅम साखरेएवढी. सगळं तुटलं की सहा-सात ग्रॅमसारखी. दुधात साखर मात्र तेवढीच राहते, म्हणून मधुमेह असणाऱ्यांना यात काही सूट नाही. दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी असेल त्यांनाही याचा उपयोग नाही.

थेंब लागू पडले का, हे जीभ सांगते. माझा जिभेवर विश्वास नव्हता, म्हणून मेडिकलमधून लघवीतली ग्लुकोज तपासायच्या पट्ट्या आणल्या. साध्या दुधात पट्टीचा रंग बदलला नाही, थेंबवाल्या दुधात बदलला. लॅक्टोज तुटायला लागलंय एवढंच त्यावरून कळतं. किती शिल्लक आहे ते नाही.

खरी फजिती कुंद्याची झाली. बेळगावात राहून कुंदा घरी करायचा नाही म्हणजे काय! दोन लिटर थेंबवालं दूध आटवायला ठेवलं. घट्ट व्हायच्या आतच ते तांबूस झालं, तळाला लागलं आणि कडवट चव आली. गॅलॅक्टोज आणि ग्लुकोज तापल्यावर दुधातल्या प्रथिनांशी लॅक्टोजपेक्षा लवकर जुळतात, त्यामुळे रंग फार लवकर चढतो. कुंद्याला रंग हवाच, पण तो शेवटी यायला हवा. आता कुंदा साध्या दुधाचाच करते, आणि मी एक चमचा खाऊन थांबते.

चहात मात्र फायदा झाला. पूर्वी कपाला दीड चमचा साखर लागायची, आता एक पुरते. सासूबाईंना तोही गोड लागतो, म्हणून त्यांच्या चहाचं दूध मी वेगळं काढते.