फीडर आणि इनकमर: नॉर्मल इन्व्हर्स की व्हेरी इन्व्हर्स?

३३/११ केव्ही, ५ एमव्हीएचा ट्रान्सफॉर्मर धरू. इनकमरचं पिकअप ३०० अँपिअर, फीडरचं १५०, बसजवळचा फॉल्ट साधारण ३००० अँपिअर. रिले न्युमेरिकल असतील तर दोघांत ०.३ सेकंदाचं अंतर पुरतं. जुन्या डिस्कवाल्यांना मी ०.४ देतो.

नॉर्मल इन्व्हर्सवर फीडरला टीएमएस ०.१ आणि इनकमरला ०.१८ दिलं, तर बसजवळच्या फॉल्टला फीडर ०.२३ सेकंदांत सुटतो, इनकमर ०.५३ ला. व्हेरी इन्व्हर्सवर ०.३ आणि ०.३५ दिलं तरी वेळा जवळपास त्याच येतात. त्यामुळे ‘काय फरक पडतो?’ असं वाटणं साहजिक आहे.

फरक कमी करंटवर दिसतो, आणि नागपुरात तो मे महिन्यात दिसतो. दुपारी तासभर लाइन बंद राहिली की सगळ्या घरांतले कूलर, एसी, पंप सुरूच ठेवलेले असतात. फीडर चार्ज केला की नेहमीचा ११०चा लोड काही सेकंद ३०० वर जातो. नॉर्मल इन्व्हर्स एका सेकंदात ट्रिप देतो. पुन्हा घ्या, पुन्हा ट्रिप. मग पेट्रोलिंगला माणसं भर उन्हात निघतात आणि लाइनवर काहीच सापडत नाही. व्हेरी इन्व्हर्स त्याच ३००ला चार सेकंद थांबतो, तेवढ्यात करंट उतरतो. माझा कल तिकडे झुकला तो या एकाच त्रासामुळे.

पण बदल अर्धवट करू नये. फक्त फीडर व्हेरीवर नेऊन इनकमर नॉर्मलवरच ठेवण्याचा सल्ला अनेकदा मिळतो. लांबच्या टोकाला ६०० अँपिअरचा फॉल्ट घ्या. फीडर १.३५ सेकंद घेतो. इनकमर मात्र ६०० वर बाकीच्या फीडरांचा १५०चा लोडही बघतो आणि ७५० वर १.३६ सेकंदांत सुटतो. अंतर संपलं, एका फीडरच्या फॉल्टने सगळी बस अंधारात. (करंटांचे कोन वेगळे असल्याने खरी बेरीज थोडी कमी भरते, पण त्या भरवशावर मी सेटिंग ठेवणार नाही.) दोन्ही व्हेरीवर असले तर तिथे इनकमर ३.१५ सेकंद घेतो, म्हणजे अंतर भरपूर.

हे ३.१५ सेकंद काहींना खटकतील, आणि त्यांचं म्हणणं चूक नाही. फीडरचा ब्रेकर अडकला तर लांबचा फॉल्ट तेवढा वेळ जळत राहतो. शिवाय ३३ केव्ही बाजूच्या रिलेचं ग्रेडिंगही नव्याने तपासावं लागतं. फीडर आखूड असेल, म्हणजे टोकाचा फॉल्टही बसजवळच्या इतकाच मोठा असेल, आणि लोड कारखान्यांचा, टप्प्याटप्प्याने चढणारा असेल, तर नॉर्मल इन्व्हर्स राहू द्यायला माझी हरकत नाही. लांब, घरगुती लोडच्या फीडरला मात्र मी दोन्हीकडे व्हेरीच लावतो, आणि ग्रेडिंग बसच्या फॉल्टवर जमलं तरी टोकाच्या फॉल्टवर, शेजारचा लोड मिळवून, पुन्हा तपासतो.