जिन्याचे काँक्रीट: वेगवेगळी बेरीज की सरासरी जाडी?

रायझर म्हणजे पायरीची उंची 150 मिमी, ट्रेड म्हणजे पाय ठेवायची आडवी जागा 250 मिमी, फ्लाइटची म्हणजे पायऱ्यांच्या सलग रांगेची रुंदी 1 मीटर, पायऱ्यांखालचा तिरका वेस्ट स्लॅब 150 मिमी जाड आणि दहा पायऱ्या असा जिना घेऊ. लँडिंग वेगळे मोजायचे.

पहिल्या पद्धतीत एका पायरीची तिरकी लांबी, म्हणजे 0.15 आणि 0.25 यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ, 0.2915 मीटर येते. दहा पायऱ्यांची 2.915 मीटर लांबी रुंदी व जाडीने गुणल्यास स्लॅबचे 0.437 घनमीटर होतात. प्रत्येक पायरी त्रिकोणी असल्याने दहांचे 0.1875 मिळवले की एकूण सुमारे 0.625 घनमीटर.

दुसऱ्या पद्धतीत स्लॅबच्या जाडीत पायरीची सरासरी जाडी मिळवून एकदाच गुणाकार होतो. घोटाळा होतो तो इथेच: बरेच जण अर्धा रायझर, म्हणजे 75 मिमी, मिळवतात आणि उत्तर 0.656 येते. वेस्टची जाडी उताराला काटकोनात मोजलेली असते, म्हणून पायरीचीही तशीच हवी. ती सरासरी 64 मिमी भरते आणि उत्तर पुन्हा 0.625 वर येते.

बिलासाठी मी पहिलीच पद्धत धरतो, कारण तिच्यात चूक लगेच दिसते: स्लॅबची लांबी 2.5 मीटर लिहिलेली आढळली, तर कोणीतरी तिरक्याऐवजी आडवी लांबी घेतली आहे आणि 0.062 घनमीटर कमी धरले गेले आहे.