प्रेडनिसोलोनचे नऊ महिने: पाय कशामुळे गेले, आजारानं की गोळीनं?

मला डर्माटोमायोसायटिस आहे, स्नायू आणि कातडीला सूज आणणारा आजार. नोव्हेंबरमध्ये रोज ६० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू झालं, आता ऑगस्टमध्ये १० वर आहे. चेहरा गोल होणं, रात्री झोप न येणं, साखर वाढणं हे सगळं मलाही झालं, पण त्यावर बरंच लिहिलं गेलंय. मी फक्त मांड्यांबद्दल लिहिते, कारण तिथं मी जवळजवळ चुकले होते.

गोळीनं आधी जादूच केली. सुरुवातीला उशीवरून डोकं उचलता यायचं नाही, कुशीवर वळून हातानं रेटत उठायचे. वेणी घालायला मुलगी लागायची. सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, ४,२०० होतं. जानेवारीच्या मध्यापर्यंत ते १८० वर आलं, पापण्यांवरची जांभळट लाली गेली, वेणी मी स्वतः घालू लागले. डोस ५० झाला.

आणि त्याच महिन्याच्या शेवटी नागपुरात बर्डीवर ऑटोत चढताना पाय उचललाच गेला नाही. दुखत नव्हतं, मुंग्या नव्हत्या, नुसता जोर नव्हता. घरी पाटावर बसले की उठायला ह्यांचा हात लागायचा. वहिनी म्हणाल्या, "आजार उलटला गं बाई, डोस वाढवून घे." मलाही तेच वाटलं. घरात गोळ्या होत्याच, दोन दिवस मी आपल्या मनानं रोज ६० मिलिग्रॅम घेतलं. हे करू नका.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर मॅडमना दाखवलं. त्यांनी मला उताणं झोपवलं, कपाळावर तळहात ठेवला आणि म्हणाल्या, "डोकं उचला." मी त्यांचा हात ढकलून उचललं. आजार उलटला असता तर नोव्हेंबरसारखी मान पुन्हा ढिली पडली असती. स्टेरॉइडची कमजोरी बहुधा मान सोडून देते, आधी मांड्या आणि कंबर धरते आणि हळूहळू, न दुखता येते. लाली नव्हती, गिळताना घास अडकत नव्हता. सीपीके ९६ आलं, पोटॅशियमही ठीक होतं.

सीपीके वाढत नाही त्याचं कारणही त्यांनी सांगितलं. आजारात स्नायूचे तंतू सुजून फुटतात आणि आतलं एन्झाइम रक्तात सांडतं. स्टेरॉइडनं तंतू फुटत नाहीत, त्यांच्यातलं प्रथिन झिजून ते बारीक होतात, म्हणून रक्तात काही दिसत नाही. पण एवढ्यावर भरवसा ठेवायचा नाही. डर्माटोमायोसायटिसमध्ये आजार चालू असूनही सीपीके कधीकधी नॉर्मल येतं. म्हणून मांड्यांचा एमआरआय झाला. सूज नव्हती.

खरी कसोटी पुढं होती, डोस कमी करायची. जोर नाही म्हणून औषध कमी करायचं, हे पचायला जड गेलं. आजार आवरायला आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट जोडलं (आठवड्यातून एकदाच, चुकून रोज घेतलं तर जीवावर बेतू शकतं) आणि प्रेडनिसोलोन ४० वर आणलं. मग दर पंधरा दिवसांनी ५ कमी, २० च्या खाली महिन्याला अडीच. एकदम बंद का नाही, विचारलं, तर इतके महिने गोळी घेतल्यावर शरीर स्वतःचं स्टेरॉइड, कॉर्टिसॉल, बनवणं जवळपास थांबवतं. झटक्यात सोडलं तर चक्कर, उलट्या, रक्तदाब कोसळणं, काहीही होऊ शकतं. दर महिन्याला सीपीके. कमी डोसवर जोर वाढला तर दोष गोळीचा, आणि जोर घटून सीपीके चढलं किंवा लाली आली तर आजाराचा. दोन्ही एकदमही असू शकतात, तेव्हा मॅडमनाही वाट बघावी लागते.

मी जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवरून हात छातीशी बांधून उठायचा प्रयत्न करायचे आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचे. फेब्रुवारीत शून्य. पहिले तीन आठवडे शून्यच, रात्री रडायचे. पाचव्या आठवड्यात, मार्चमध्ये, एकदा उठले. एप्रिलअखेर पाच वेळा, बावीस सेकंदांत. आता पाच वेळा चौदा सेकंदांत. सीपीके सगळे महिने नॉर्मल.

फिजिओथेरपिस्टनं आधी उशा ठेवून खुर्ची उंच करून उठायला लावलं, मग एकेक उशी काढली. मेपासून सकाळी सहालाच चालायला जात होते, नंतर नागपूरचं ऊन कुणाला सोडतं! डाळ, अंडी, दही वाढवलं. नुसत्या खाण्यानं काही झालं असतं असं मला वाटत नाही, डोस उतरल्यावरच पाय हलले.

गेल्या चतुर्थीला टेकडी गणपतीच्या पायऱ्या कठडा न धरता चढले. पाटावरून उठायला मात्र अजून एक हात जमिनीला टेकवावा लागतो. मॅडम म्हणतात, पूर्ण भरून यायला काही महिने, कधी वर्षही लागतं.